डीएलपी संपला, आता मुख्य कंत्राटदाराकडून रिटेन्शन कसं सोडवायचं?

रिटेन्शन मागणारं पत्र जेमतेम एका पानाचं असतं. ते अडतं तेव्हा भाषेमुळे क्वचितच अडतं. तारीख चुकलेली असते, मागितलेला आकडा मुख्य कंत्राटदाराच्या खात्याशी जुळत नाही, किंवा एखादी जुनी तक्रार साइटच्या कागदांत अजून उघडी असते. म्हणून इथे पत्राच्या मसुद्याला थोडी जागा आणि त्याआधीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे. हा लेख पहिल्यांदाच रिटेन्शन मागायला निघालेल्या उपकंत्राटदारासाठी आहे.

पैसे कुठून आले ते आधी थोडक्यात. तुमच्या प्रत्येक रनिंग बिलातून मुख्य कंत्राटदार ठरलेला टक्का कापून ठेवतो. बहुतेक वर्क ऑर्डरमध्ये तो 5 ते 10 टक्के असतो. साधारण पद्धत अशी की काम पूर्ण झाल्यावर यातला अर्धा भाग सुटतो आणि उरलेला अर्धा दोषदायित्व कालावधी, म्हणजे साइटवरच्या भाषेत डीएलपी, संपल्यावर. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 सालच्या लाल पुस्तकात, म्हणजे बांधकाम कंत्राटाच्या छापील नमुन्यात, 14.9 कलमात हीच विभागणी आहे. तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये वेगळं लिहिलं असेल तर अर्थात तेच चालतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. एका इमारतीच्या गच्चीचं आणि स्वच्छतागृहांचं वॉटरप्रूफिंग तुमच्याकडे होतं. रिटेन्शन 5 टक्के, डीएलपी 12 महिने. चार रनिंग बिलं झाली आणि शेवटी जादा कामाचं एक वेगळं बिल.

तारीख: घड्याळ कधी सुरू झालं?

वर्क ऑर्डर उघडा आणि डीएलपीच्या कलमात "पासून" हा शब्द कुठे आला आहे ते शोधा. बारा महिने सगळ्यांना पाठ असतात, पण ते कशापासून मोजायचे हे फार थोडे जण वाचतात. उदाहरणातल्या कामाच्या तीन तारखा आहेत. साइटवरचं काम 18 मार्च 2023 ला संपलं. मुख्य कंत्राटदाराने तुमच्या कामाचा पूर्णत्वाचा दाखला 5 एप्रिल 2023 या तारखेने दिला. मालकाने अख्खी इमारत ताब्यात घेतली 30 सप्टेंबर 2023 ला.

कलमात "उपकंत्राटाच्या कामाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यापासून" असं असेल तर तुमचा डीएलपी 4 एप्रिल 2024 ला संपतो. "मुख्य प्रकल्प मालकाने ताब्यात घेतल्यापासून" असं असेल तर तो 29 सप्टेंबर 2024 पर्यंत लांबतो. काम तेच, महिने तेवढेच, फरक मात्र जवळजवळ सहा महिन्यांचा. 18 मार्च ही तारीख दोन्ही हिशोबांत कुठेच नाही, तरी "आमचं काम मार्चमध्येच झालं होतं" हे वाक्य निम्म्या पत्रांत सापडतं आणि त्यावर "मुदतपूर्व मागणी" असा शेरा पडतो. असा शेरा पडलेली फाइल मुदत संपल्यावर आपणहून कोणी उघडत नाही. तुम्हाला नव्याने अर्ज करावा लागतो, आणि पहिल्या पत्राच्या तारखेपासून वाट पाहिल्याचा काही उपयोग होत नाही.

दाखलाच मिळाला नसेल तर? हे सर्रास होतं, कारण काम संपल्यावर सगळ्यांचं लक्ष शेवटच्या बिलाकडे असतं. अशा वेळी काम ताब्यात गेल्याचा दुसरा लेखी पुरावा शोधा: अंतिम मोजमापाच्या नोंदीवरची सही, पाणी भरून केलेल्या चाचणीचा संयुक्त अहवाल, पुढच्या ठेकेदाराला जागा दिल्याचं पत्र, किंवा पहिला अर्धा रिटेन्शन सोडल्याची भरणा सूचना. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात वजनदार. पूर्णत्व मानल्याशिवाय मुख्य कंत्राटदाराने तो अर्धा सोडला नसता, हे त्याच्याच कागदावरून दिसतं.

काम टप्प्याटप्प्याने ताब्यात गेलं असेल, म्हणजे गच्ची आधी आणि स्वच्छतागृहं नंतर, तर प्रत्येक टप्प्याचा डीएलपी वेगळा मोजायचा का, हेही कलमात पाहा. वेगळा मोजायचा असेल तर प्रत्येक टप्प्याचं रिटेन्शन वेगळं मागता येतं. नसेल तर शेवटच्या टप्प्याची तारीख सगळ्यांना लागू होते.

आणखी एक कलम डोळ्यांखालून घाला: दुरुस्त केलेल्या भागाचा डीएलपी दुरुस्तीच्या दिवसापासून नव्याने सुरू होतो का. काही वर्क ऑर्डरमध्ये तसं असतं. ते फक्त दुरुस्त केलेल्या भागापुरतं असेल तर अख्खं रिटेन्शन त्यापायी अडवायला आधार राहत नाही.

आकडा: तुमच्या वहीत आणि त्यांच्या खात्यात

आता हिशोब. चार रनिंग बिलं अनुक्रमे 14,20,000, 18,60,000, 12,40,000 आणि 9,80,000 ची. बेरीज 55,00,000. पाच टक्क्यांनी कापलेले 2,75,000. जादा कामाचं बिल 3,20,000 चं, त्यातून कापले 16,000. एकूण रिटेन्शन 2,91,000.

काम पूर्ण झाल्यावर अर्धी रक्कम म्हणून तुम्हाला मिळाले 1,37,500. हा आकडा 2,75,000 च्या अर्धा आहे, 2,91,000 च्या नाही. जादा कामाचं बिल वेगळ्या ऑर्डर क्रमांकावर नोंदवलं गेलं होतं, त्यामुळे लेखा विभागाने मूळ ऑर्डरचं खातं उघडलं तेव्हा ते 16,000 तिथे दिसलेच नाहीत. आता तुम्हीही "उरलेला अर्धा" म्हणून 1,37,500 मागितलेत तर ते 16,000 कायमचे गेले. खरी बाकी 2,91,000 वजा 1,37,500, म्हणजे 1,53,500.

म्हणून नियम असा ठेवा: "अर्धा" हा शब्द हिशोबात वापरायचाच नाही. एकूण कपात वजा मिळालेली रक्कम, एवढंच. एक साधा तक्ता करा. बिलाचा क्रमांक, तारीख, ऑर्डर क्रमांक, बिलाची रक्कम, त्यातून कापलेलं रिटेन्शन, आणि ज्या भरणा सूचनेत ती कपात दिसते तिचा क्रमांक. शेवटच्या रकान्यामुळे समोरच्या माणसाला तुमच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. तो क्रमांक टाकून दोन मिनिटांत त्याच्याच खात्यात नोंद शोधतो.

पत्र पाठवण्याआधी हा तक्ता बिलिंग इंजिनीअरला आणि लेखा विभागाला दाखवून "आपल्या खात्याशी जुळतोय का" एवढंच विचारा. फरक निघाला तर तो आताच निघू द्या. फरक बहुतेक वेळा तीन ठिकाणी लपलेला असतो: जादा कामाचा वेगळा ऑर्डर क्रमांक, अंतिम मोजमापात कमी झालेलं परिमाण, आणि रिटेन्शन करासह रकमेवर कापलंय की कर वगळून. या शेवटच्या बाबतीत एकच टक्का दोन वेगळे आकडे देतो, त्यामुळे पहिल्या बिलात कसं कापलं होतं ते पाहून शेवटपर्यंत तोच पाया धरा.

कराबद्दल एवढंच: बिल केलं तेव्हा पूर्ण रकमेवर कर लावून झाला असेल तर रिटेन्शन सोडवताना तो पुन्हा लावायचा नाही. लेखा विभाग काही वेळा सवयीने "कर बीजक पाठवा" म्हणतो. नवीन बीजक केलंत तर एकाच कामाचं दोनदा बिल झाल्यासारखं दिसतं. अशा वेळी रिटेन्शनची मागणी नोंद आणि मूळ बिलांची यादी पाठवा, आणि आपल्या हिशोबनिसाला विचारूनच पुढे जा.

मुदत संपायच्या आधीची पाहणी

बरेच उपकंत्राटदार डीएलपीच्या शेवटच्या महिन्यात मुद्दाम गप्प बसतात. झोपलेल्याला जागं कशाला करायचं, असा विचार. हा विचार महागात पडतो. तुम्ही मागणी केलीत की मुख्य कंत्राटदार साइटला विचारणारच, "काही दोष बाकी आहेत का?" साइटचा माणूस त्या दिवशी जे दिसेल ते लिहून पाठवतो. मग मुदतीनंतर दिसलेली ओलही यादीत येते, दुसऱ्या कोणी फोडलेली फरशीही येते. मुदतीच्या आत संयुक्त पाहणी झालेली असेल तर त्या दिवशीची यादी हीच शेवटची यादी, असं म्हणायला तुमच्या हातात सह्या असतात.

म्हणून मुदत संपायच्या चार ते पाच आठवडे आधी पाहणीचं पत्र द्या. उदाहरणात ते 1 मार्च 2024 ला दिलं आणि पाहणी 7 मार्चला झाली. चार आठवडे पुरतात, कारण वॉटरप्रूफिंगसारख्या कामात दुरुस्ती, ती सुकणं आणि पुन्हा पाणी भरून चाचणी, एवढं सगळं 4 एप्रिलच्या आत बसवायचं असतं.

पाहणीच्या कागदावर प्रत्येक मुद्द्यापुढे जागा नेमकी लिहा. "तिसऱ्या मजल्यावर गळती" असं मोघम नको. "तिसरा मजला, पूर्वेकडचं स्वच्छतागृह, खालच्या छताला फ्लोअर ट्रॅपपासून दीड फुटावर ओलीचा डाग" असं हवं. मग स्थिती, जबाबदार कोण, दुरुस्तीची तारीख. खाली दोन्ही बाजूंची सही, नाव आणि हुद्दा. नुसत्या सहीचा सहा महिन्यांनी काही उपयोग नसतो, कारण तोवर तो माणूस दुसऱ्या साइटवर गेलेला असतो आणि ती सही कोणाची हे तिथे कोणीच सांगू शकत नाही.

यादीतला प्रत्येक मुद्दा दोष नसतो. राहून गेलेलं काम वेगळं, वापराने झालेली झीज वेगळी, दुसऱ्या ठेकेदाराने केलेलं नुकसान वेगळं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर नंतर कोणी अँकर ठोकून पाण्याच्या टाकीचा स्टँड बसवला असेल तर तिथली गळती तुमची नाही. पण ते त्याच दिवशी, फोटोसह, त्याच कागदावर आलं पाहिजे. नंतर लिहिलेल्या खुलाशाला "आता सांगताय होय?" हे उत्तर ठरलेलं असतं.

ओल नेमकी कुणाची?

उदाहरणात 12 फेब्रुवारी 2024 ला मुख्य कंत्राटदाराने तीन स्वच्छतागृहांत गळती असल्याची नोटीस दिली होती. दोन ठिकाणी दोष तुमचा निघाला आणि 26 फेब्रुवारीला दुरुस्ती होऊन सही मिळाली. तिसऱ्या ठिकाणी तुमचं म्हणणं, ही नळजोडणीची गळती आहे. प्लंबरचं म्हणणं, वॉटरप्रूफिंगची. मधल्या मधे रिटेन्शन अडतं. असा वाद तोंडी कधीच मिटत नाही, चाचणीने मिटतो. ती क्रमाने करावी लागते आणि प्रत्येक टप्प्यानंतर खालच्या छताचा फोटो तारखेसह घ्यावा लागतो.

आधी ते स्वच्छतागृह वापरायचं बंद करा आणि फरशी पूर्ण कोरडी होऊ द्या. पाण्याच्या पाइपचे व्हॉल्व्ह मात्र चालू ठेवा, म्हणजे पाइपमध्ये दाब राहील. खालचा डाग पेन्सिलने भोवती रेघ ओढून आखून घ्या. दोन-तीन दिवसांत फरशीवर थेंबही नसताना डाग रेघेच्या बाहेर गेला, तर पाणी दाबाच्या पाइपमधून येतंय. वॉटरप्रूफिंगचा थर फरशीवर आलेलं पाणी अडवतो. पाणी थराच्या खालच्या पाइपमधून येत असेल तर त्या थराचा यात काही संबंध नाही.

डाग वाढला नाही तर व्हॉल्व्ह बंद करा, फ्लोअर ट्रॅपचं तोंड बूच मारून गच्च बंद करा आणि फरशीवर 25 ते 50 मिलिमीटर पाणी 48 तास उभं ठेवा. पाण्याची पातळी भिंतीवर खूण करून ठेवा. आता खाली ओल आली तर दोष तुमच्या कामात आहे, बहुधा भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात किंवा पाइप जिथून आरपार जातो तिथे. इथे एक फसगत होते. बूच नीट बसलं नाही तर पाणी ट्रॅपमध्ये उतरतं आणि ओल दिसली की दोष वॉटरप्रूफिंगच्या माथी येतो. म्हणून वरची पातळी झपाट्याने उतरतेय का ते पहिल्या तासातच बघा.

याही वेळी खाली कोरडं राहिलं तर पाणी काढून टाका, बूच काढा आणि फक्त ट्रॅपमध्ये सावकाश बादलीभर पाणी ओतत राहा. ओल आता दिसली तर सांडपाण्याच्या पाइपचा सांधा गळतोय.

उदाहरणात पहिल्याच टप्प्यात, कोरड्या फरशीखाली, डाग रेघेबाहेर गेला. अहवालावर तुमची, प्लंबरची आणि मुख्य कंत्राटदाराच्या साइट इंजिनीअरची अशा तीन सह्या झाल्या. या अहवालाची प्रत पुढे पैशाच्या वेळी लागणार आहे, कारण फेब्रुवारीची नोटीस लेखा विभागाकडे अजून उघडीच पडलेली आहे.

पत्र

मुदत संपल्यानंतरचा पहिला कामाचा दिवस किंवा त्याच्या जवळपास, पण मुदतीआधी नाही. उदाहरणात 8 एप्रिल 2024. पत्र वर्क ऑर्डरवर ज्याची सही आहे त्या अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या हुद्द्याच्या नावे, आणि प्रत लेखा विभागाला व बिलिंगला. साइटवरच्या ओळखीच्या इंजिनीअरला दिलेलं पत्र बहुधा त्याच्या टेबलावरच राहतं.

मसुदा साधारण असा:

"प्रति, मा. प्रकल्प व्यवस्थापक. विषय: वर्क ऑर्डर क्र. ... खालील दोषदायित्व कालावधी संपल्याने उर्वरित रिटेन्शन रक्कम 1,53,500 अदा करण्याबाबत.

महोदय, वरील वर्क ऑर्डरनुसार गच्ची व स्वच्छतागृहांच्या वॉटरप्रूफिंगचे काम आम्ही पूर्ण केले असून आपला पूर्णत्वाचा दाखला दि. 5 एप्रिल 2023 चा आहे. कलम ... नुसार 12 महिन्यांचा दोषदायित्व कालावधी दि. 4 एप्रिल 2024 रोजी संपला.

दि. 7 मार्च 2024 च्या संयुक्त पाहणीनुसार आमच्या कामातील कोणताही दोष दुरुस्तीसाठी शिल्लक नाही. दि. 12 फेब्रुवारी 2024 च्या नोटिशीतील तीनपैकी दोन मुद्दे दि. 26 फेब्रुवारी रोजी पूर्ण झाले असून तिसऱ्या मुद्द्याबाबतचा संयुक्त चाचणी अहवाल सोबत जोडला आहे.

एकूण कापलेले रिटेन्शन 2,91,000 असून त्यापैकी 1,37,500 आम्हाला मिळाले आहेत. उर्वरित 1,53,500 कलम ... मधील मुदतीत आमच्या खात्यावर जमा करावेत. बिलनिहाय तक्ता सोबत आहे. रकमेचा काही भाग रोखायचा असल्यास त्याचे कारण, कलम आणि रक्कम लेखी कळवून उर्वरित रक्कम अदा करावी, ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नका. मुख्य कंत्राटदार अडवतो तेव्हा तो सहसा सगळंच अडवतो. या वाक्यामुळे वाद किती रकमेचा आहे ते त्याला लिहून द्यावं लागतं आणि बाकीची रक्कम मोकळी होते.

सोबत काय जोडायचं ते मसुद्यातूनच दिसतं: दाखला, पाहणीचा अहवाल, दुरुस्तीची सही, चाचणी अहवाल, तक्ता. त्यात बँकेचा तपशील घाला. काम संपून वर्ष उलटलेलं असतं. मधल्या काळात तुमचं खातं बदललं असेल तर पैसे जुन्या खात्यावर जाऊन परत येतात आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर. मुख्य कंत्राटदाराच्या यंत्रणेत तुमचा पुरवठादार क्रमांक बऱ्याच दिवसांत व्यवहार नसल्याने बंद झालाय का, हेही लेखा विभागाला एका फोनमध्ये विचारून घ्या.

या पत्रात दुसरी कुठलीच मागणी घालू नका. दरवाढीचा जुना वाद, उशिरा मिळालेल्या बिलाचं व्याज, ते सगळं वेगळ्या पत्रात. एका पत्रात दोन मागण्या असल्या की निर्णय त्यातल्या अवघड मागणीच्या वेगाने होतो.

पोचपावती घ्या: आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक. तेच पत्र ईमेलनेही पाठवा. देय मुदत पत्र मिळाल्यापासून मोजायची असेल तर हा शिक्काच तुमचा पुरावा.

"मालकाकडून आले की देतो"

हे उत्तर बहुतेकांना मिळतं. लगेच भांडायला उठण्याआधी वर्क ऑर्डरमध्ये तसं खरंच लिहिलंय का ते पाहा. "उपकंत्राटाच्या अटी मुख्य कंत्राटाप्रमाणे" असं ढोबळ वाक्य असणं वेगळं आणि "मालकाने मुख्य कंत्राटदाराला रिटेन्शन दिल्यानंतरच उपकंत्राटदाराला दिलं जाईल" असं स्पष्ट कलम असणं वेगळं. पहिल्या वाक्यावरून तुमचे पैसे अनिश्चित काळ रोखता येतात असं गृहीत धरू नका. दुसरं असेल तर ते तुमच्या देशाच्या कायद्यात कितपत टिकतं हे वकिलाला विचारायचं काम आहे. उदाहरणार्थ, इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 ऑक्टोबर 2011 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, दुसऱ्या कंत्राटातली कामं पूर्ण होण्यावर उपकंत्राटदाराचं पेमेंट अवलंबून ठेवणारी अट बांधकाम कंत्राटात चालत नाही. सगळीकडे तसं नाही.

कलम स्पष्ट असलं तरी दोन प्रश्न लेखी विचारता येतात. मालकाकडे रिटेन्शनची मागणी कधी केली, आणि मालकाने काही अडवलं असेल तर ते तुमच्या कामामुळे आहे का. लिफ्टच्या कामातल्या त्रुटीमुळे मालकाने मुख्य कंत्राटदाराचे पैसे धरले असतील तर वॉटरप्रूफिंगवाल्याने का थांबायचं, हा प्रश्न कागदावर आला की उत्तर द्यावंच लागतं.

काही वेळा तोडगा म्हणून बँक हमी मागितली जाते: हमी द्या, रोख घ्या. डीएलपी चालू असताना हा व्यवहार चांगला असतो, पैसे लवकर मोकळे होतात. डीएलपी संपल्यावर मात्र स्वतःच्याच पैशासाठी बँकेला कमिशन देण्यात काही अर्थ नाही. फक्त एखाद्या भागाचा डीएलपी खरंच वाढलेला असेल तर तेवढ्याच रकमेची आणि तेवढ्याच मुदतीची हमी द्यावी.

डेबिट नोट आणि ना-हक्क पत्र

मुख्य कंत्राटदार "आम्ही तुमच्या दोषाची दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घेतली" असं म्हणून डेबिट नोट काढतो तेव्हा तीन कागद मागा: तुम्हाला दिलेली लेखी नोटीस, त्यात दिलेली दुरुस्तीची मुदत, आणि झालेल्या खर्चाचं बिल. तिन्ही असतील आणि तुम्ही मुदतीत गेला नसाल तर रक्कम मान्य करून पुढे जाणं शहाणपणाचं. नोटीसच नसेल तर डेबिटचा आधार कमकुवत होतो, कारण दोष स्वतः दुरुस्त करायची संधी तुम्हाला मिळालेलीच नाही. आपल्या माणसांनी ते काम कमी खर्चात केलं असतं, हा मुद्दा इथेच उपयोगी येतो.

पैसे सोडण्याआधी छापील ना-हक्क पत्रावर सही मागितली जाते. त्यात सहसा "या कामाबाबत आमची कोणतीही मागणी शिल्लक नाही" असं असतं. तुमची दरवाढीची मागणी अजून चालू असेल आणि तुम्ही यावर सही केलीत, तर 1,53,500 साठी ती मागणी धोक्यात घालता. छापील वाक्याच्या जागी "वर्क ऑर्डर क्र. ... खालील रिटेन्शनपोटी 1,53,500 मिळाल्यावर, फक्त या रिटेन्शनबाबत आमची मागणी शिल्लक राहणार नाही" असं लिहून द्या. "मिळाल्यावर" हा शब्द महत्त्वाचा. "मिळाले" असं लिहून सही केलीत आणि पैसे आलेच नाहीत, तर तुमचाच कागद तुमच्या विरुद्ध उभा राहतो.

पाठपुरावा

कलमात देय मुदत 30 दिवसांची असेल तर पंधराव्या दिवशी लेखा विभागाला फोन करून फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारा, पत्र नको. एकतिसाव्या दिवशी पहिलं लेखी स्मरणपत्र, त्यात मूळ पत्राचा आवक क्रमांक आणि थकलेले दिवस. आणखी दोन आठवड्यांनी वर्क ऑर्डरच्या वाद निवारण कलमाखालची नोटीस. त्या कलमात आधी वरिष्ठांकडे बोलणी, मग लवाद असा क्रम असतो. पायरी गाळली तर पुढच्या पायरीवर तोच आक्षेप येतो.

दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवत राहिलं की हक्क जिवंत राहतो, असा समज आहे. तो धोक्याचा आहे. दावा करायची कायदेशीर मुदत सामान्यतः पैसे देय झाल्यापासून चालू होते आणि तुमच्या एकतर्फी स्मरणपत्राने ती थांबते असं धरून चालता येत नाही. समोरच्याने "एवढी रक्कम आमच्याकडे बाकी आहे" असं लिहून दिलं तर अनेक ठिकाणी त्याला वेगळं वजन असतं. म्हणून वर्षाअखेरीला मुख्य कंत्राटदाराकडून खात्यातील शिल्लक कबूल करणारं पत्र घ्या. रिटेन्शनची रक्कम त्यात वेगळ्या ओळीत दिसतेय का, ते पाहा.

पैसे आले की भरणा सूचना मागवा आणि आकडा तपासा. उदाहरणात 1,53,500 ऐवजी 1,35,500 जमा झाले. 18,000 फेब्रुवारीच्या नोटिशीतल्या तिसऱ्या स्वच्छतागृहापोटी कापले गेले, कारण लेखा विभागाच्या नोंदीत ती नोटीस बंदच झालेली नव्हती. त्याच दिवशी लिहा की रक्कम अंशतः मिळाली, 18,000 ची कपात अमान्य आहे. सोबत तीन सह्यांचा चाचणी अहवाल पुन्हा जोडा आणि मुख्य कंत्राटदाराच्या साइट इंजिनीअरला त्या नोटिशीवर "मुद्दा बंद" अशी नोंद करून लेखा विभागाला पाठवायला सांगा. ती नोंद पोचल्याशिवाय लेखा विभाग हे 18,000 सोडत नाही.